नोकरीच्या अर्जांची नोंद: अर्ज केल्यापासून रुजू होण्याच्या तारखेपर्यंत

प्रश्न: पुण्यात चार वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करतोय, नोटीस पिरियड ६० दिवसांचा. दीड महिना नोकरी शोधतोय. परवा एका कंपनीतून फोन आला आणि आपण तिथं अर्ज केव्हा, कुठून केला हेच आठवेना. एक्सेल बनवलंय, पण आठवड्याभरात भरणं सुटतं. नेमकं काय लिहायचं, पाठपुरावा कधी करायचा आणि इंटरव्ह्यूचे राउंड कसे नोंदवायचे?

उत्तर: भरणं सुटतं त्याचं कारण बहुतेक वेळा आळस नसून शीटची रचना असते. कन्सल्टन्सीत आणि नंतर कंपनीच्या भरती विभागात काम करताना उमेदवारांनी दाखवलेल्या अशा शीट्स मी भरपूर पाहिल्या आहेत. जवळपास सगळ्या एकाच साच्याच्या: एका कंपनीला एक ओळ, शेवटी ‘स्टेटस’ नावाचा रकाना. पहिला राउंड झाला की ‘अप्लाइड’ खोडून ‘राउंड १’ लिहायचं, पुढे तेही खोडून ‘राउंड २’. म्हणजे प्रत्येक नव्या माहितीबरोबर जुनी पुसली जाते. दोन आठवड्यांनी शीट उघडली तर ‘राउंड १’ दिसतं. तो केव्हा झाला, कोणी घेतला, पुढचं कधी कळवू म्हणाले, यातलं काही उरत नाही. जी शीट काही सांगत नाही ती माणूस उघडत नाही आणि उघडत नाही म्हणून भरतही नाही.

म्हणून एकाच फाइलमध्ये दोन पानं करा. पहिलं पान ‘अर्ज’. यात एका अर्जाला एकच ओळ आणि फक्त न बदलणारी माहिती: क्रमांक, कंपनी, पद, मार्ग (नोकरी डॉट कॉम, लिंक्डइन, कंपनीचं करिअर पान, ओळखीतून रेफरल की कन्सल्टन्सी), जाहिरात टाकल्याची तारीख, अर्जाची तारीख आणि कोणता रेझ्युमे पाठवला. दुसरं पान ‘नोंदी’. इथे काही घडलं की नवी ओळ, आणि जुनी ओळ कधीच बदलायची नाही. फोन आला, एक ओळ. टेस्टची लिंक आली, एक ओळ. आपण मेल पाठवला, तीही एक ओळ. दोन्ही पानांना जोडणारा दुवा म्हणजे अर्जाचा क्रमांक.

‘अर्ज’च्या पानावरचे दोन रकाने लोकांना फालतू वाटतात, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं. जाहिरात टाकल्याची तारीख लिहून ठेवली तर महिन्याभरात कळतं की तुम्ही ताज्या जाहिरातींना अर्ज करताय की तीन आठवडे जुन्या. जुन्या जाहिरातीच्या वेळी आमच्याकडे बहुतेकदा पाचसहा जण राउंडमध्ये असतात, आणि त्यातला कोणी गळल्याशिवाय नवे अर्ज उघडलेही जात नाहीत. दुसरा रकाना रेझ्युमेचा. टेस्टिंगमध्ये मॅन्युअलचा एक, एपीआयवर भर देणारा एक आणि ऑटोमेशनचा एक, असे दोनतीन रेझ्युमे प्रत्येकाकडे असतात. समोरचा ‘तुमच्या रेझ्युमेत सेलेनियम लिहिलंय’ म्हणतो तेव्हा त्याच्या हातात कोणता कागद आहे, हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

जाहिरातीची नुसती लिंक साठवू नका. जागा भरली किंवा मुदत संपली की पान नाहीसं होतं, आणि नेमकी इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री ती लिंक उघडत नाही. जाहिरातीचा मजकूर उचलून एका डॉक्युमेंटमध्ये अर्जाच्या क्रमांकाखाली चिकटवून ठेवा.

आता ‘नोंदी’चं पान. रकाने सातच: क्रमांक, तारीख, टप्पा, पाळी, कबूल तारीख, आठवण, तपशील. यातला ‘पाळी’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्यात तीनच शब्द येतात: ‘माझी’, ‘त्यांची’ किंवा ‘बंद’. पुढचं पाऊल कोणी उचलायचंय, एवढंच त्यातून कळलं पाहिजे. टेस्टची लिंक आली तर पाळी माझी. टेस्ट दिली की त्यांची. हे तीन शब्द ड्रॉपडाउनमध्ये घाला. कधी ‘बंद’ आणि कधी ‘क्लोज’ लिहिलं तर पुढचं सूत्र चालणार नाही.

‘कबूल तारीख’ म्हणजे समोरच्याने तोंडी किंवा मेलवर दिलेली तारीख: ‘मंगळवारपर्यंत लिंक येईल’, ‘पुढच्या आठवड्यात सांगतो’. प्रत्येक फोन ठेवण्याआधी ‘साधारण कधीपर्यंत कळेल?’ असं विचारायची सवय लावा. यात अगाऊपणा काही नाही. उलट रिक्रूटरलाही स्वतःच्या कामाची तारीख ठरवावी लागते. पाळी तुमची असेल तेव्हा या रकान्यात तुमची मुदत लिहायची आणि तो रिकामा ठेवायचा नाही.

‘आठवण’ हा रकाना हाताने भरू नका, सूत्राला भरू द्या. गूगल शीट्समध्ये तिसरं पान ‘सुट्ट्या’ करून त्यात सुट्टीच्या तारखा लिहा आणि ‘नोंदी’च्या F2 मध्ये हे सूत्र टाकून खाली ओढा:

```
=IFS(B2="","",D2="बंद","",D2="माझी",E2-1,
 E2="",WORKDAY(B2,5,'सुट्ट्या'!A$2:A$30),
 TRUE,WORKDAY(E2,2,'सुट्ट्या'!A$2:A$30))
```

याचा अर्थ असा: प्रकरण बंद असेल तर आठवण नको. पाळी माझी असेल तर मुदतीच्या आदल्या दिवशी आठवण. पाळी त्यांची असेल आणि त्यांनी तारीख दिली नसेल तर नोंदीच्या तारखेपासून कामाच्या पाचव्या दिवशी. तारीख दिली असेल तर ती उलटून कामाचे दोन दिवस गेल्यावर. हे पाच आणि दोन कुठल्या नियमात लिहिलेले नाहीत, माझ्या अनुभवातून आलेले आहेत. इंटरव्ह्यू घेणाऱ्याचा अभिप्राय भरतीवाल्याकडे पोचायला दोनतीन दिवस सहज लागतात. त्याआधी विचारलं तर ‘अजून फीडबॅक आलेला नाही’ एवढंच उत्तर मिळतं आणि तुमची एक विचारणा वाया जाते. दिलेल्या तारखेच्याच संध्याकाळी मेल आला की आमच्या बाजूला थोडं टोचतं; दोन दिवसांनी आलेला मेल मात्र रास्त वाटतो आणि उत्तर द्यावंच लागतं.

हे सूत्र शनिवार-रविवार सुट्टी धरतं. आयटीला ते चालतं. तुमचा एखादा मित्र भोसरी-चाकणच्या कारखान्यांत नोकरी शोधत असेल तर तिथे पुष्कळ ठिकाणी गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. त्याने `WORKDAY` ऐवजी `WORKDAY.INTL` वापरावं आणि दिवसांच्या आकड्यानंतर 15 लिहावं. त्या फंक्शनमध्ये 15 म्हणजे फक्त गुरुवार सुट्टी.

मग ‘अर्ज’च्या पानावर, प्रत्येक अर्ज आत्ता कुठे आहे ते आपोआप दिसायला दोन रकाने वाढवा. पहिल्यात टप्पा, दुसऱ्यात आठवण:

```
=XLOOKUP(A2,'नोंदी'!A:A,'नोंदी'!C:C,"",0,-1)
=XLOOKUP(A2,'नोंदी'!A:A,'नोंदी'!F:F,"",0,-1)
```

शेवटचा -1 खालून वर शोधतो, म्हणून त्या क्रमांकाची सगळ्यात खालची, म्हणजे ताजी नोंद उचलली जाते. त्यासाठी नोंदी तारखेच्या क्रमानेच लिहायच्या आणि ते पान कधीही सॉर्ट करायचं नाही. पाहायचं असेल तर फिल्टर लावा. आठवणीच्या रकान्यात आज किंवा आधीची तारीख असेल तर रंग चढावा म्हणून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये असा नियम द्या (आठवण I रकान्यात आहे असं धरून):

```
=AND($I2<>"",$I2<=TODAY())
```

आता रोज सकाळी ‘अर्ज’ उघडायचं आणि फक्त रंगलेल्या ओळी पाहायच्या. पाच मिनिटांचं काम. फोनवरचं कॅलेंडर फक्त इंटरव्ह्यूच्या वेळांसाठी ठेवा. पाठपुराव्याच्याही आठवणी त्यात टाकल्या की दिवसभर टिंगटिंग सुरू राहतं आणि आपण न वाचता सगळंच बाजूला सारू लागतो.

तारखांची एक खोड आहे, ती वेळीच पकडा. शीटचं लोकेल अमेरिकेचं असेल तर तुम्ही लिहिलेलं 05/09/2025 ती ९ मे समजते आणि 25/09/2025 ही तिला तारीखच वाटत नाही. ओळखायची खूण सोपी: खरी तारीख खान्यात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. रकान्यात दोन्ही प्रकार दिसले तर `File > Settings > Locale` मध्ये India करा आणि जुन्या तारखा पुन्हा तपासा, कारण चुकीच्या महिन्यात गेलेल्या तारखा आपसूक परत येत नाहीत. आठवणीच्या जागी 45903 असा आकडा दिसला तर मात्र घाबरू नका. ती तारीखच आहे, त्या रकान्याला तारखेचं फॉरमॅट द्यायचं राहिलंय.

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते एका अर्जावर पाहू. समजा क्रमांक १४, हिंजवडीतली एक कंपनी, पद एपीआय टेस्टर. जाहिरात ८ ऑगस्ट २०२५ ची, अर्ज सोमवारी ११ ऑगस्टला, मार्ग नोकरी डॉट कॉम, रेझ्युमे एपीआयवाला.

पोर्टलवरून केलेल्या अर्जाची ‘नोंदी’त पहिली ओळ करू नका. तिथे विचारायला माणूसच नसतो, त्यामुळे आठवण लावून काही हाती लागत नाही. पहिली नोंद माणूस समोर आल्यावर. तीस दिवस कोणीच आलं नाही तर ‘बंद’ची एक ओळ टाकून मोकळं व्हायचं.

गुरुवारी १४ ऑगस्टला रिक्रूटरचा फोन येतो. टप्पा ‘एचआर कॉल’, पाळी ‘त्यांची’, कबूल तारीख १९ ऑगस्ट, कारण टेस्टची लिंक मंगळवारपर्यंत पाठवते असं ती म्हणाली. तपशिलात तिचं नाव, नंबर आणि त्याहून महत्त्वाचं, तुम्ही काय सांगितलं ते: सध्याचं पॅकेज ७.२ लाख, अपेक्षा १० लाख, नोटीस ६० दिवस, बदलाचं कारण अमुक. आपल्याकडे हे प्रश्न पहिल्याच फोनवर येतात, आणि तुम्ही दिलेले आकडे रिक्रूटर तिथल्या तिथे सिस्टीममध्ये भरते. महिन्याने पगाराच्या बोलणीला बसाल तेव्हा समोरच्याच्या पडद्यावर ते आकडे उघडे असतात. इथे १० आणि दुसरीकडे ११ सांगितलं असेल तर त्यात गैर काही नाही. पण कुठे काय सांगितलं हे लक्षात नसलं की बोलण्यात अडखळायला होतं, आणि ते अडखळणं आम्हाला लगेच दिसतं.

१९ तारीख उलटते, लिंक येत नाही. सूत्राने आठवण २१ ऑगस्टची लावलेली आहे. त्या सकाळी ओळ रंगते, तुम्ही दोन वाक्यांचा मेल करता: ‘१४ तारखेला आपलं एपीआय टेस्टर पदाबद्दल बोलणं झालं होतं. टेस्टची लिंक माझ्यापर्यंत पोचलेली नाही, कृपया पुन्हा पाठवाल का?’ तारीख आणि पद दोन्ही लिहा. रिक्रूटर एका वेळी दहाबारा जागांवर काम करत असते, ‘काही अपडेट?’ एवढ्या मेलवरून तुम्ही कोण हे तिला शोधावं लागतं आणि मग ते मागे पडतं. दुपारी लिंक येते, मुदत शनिवारची. नोंद: पाळी ‘माझी’, कबूल तारीख २३ ऑगस्ट. आठवण २२ ची लागते, त्या दिवशी टेस्ट देऊन टाकता आणि पाळी पुन्हा त्यांची होते.

२६ ऑगस्टला पहिला टेक्निकल राउंड. कॉल संपल्यावर दहा मिनिटांत तपशील लिहा, रात्रीवर ढकलू नका. कोणी घेतला, काय विचारलं (पोस्टमनमध्ये टोकन कसं पुढे नेता, एसक्यूएलचे जॉइन, एखादा बग डेव्हलपरने नाकारला तर काय करता) आणि कुठे अडलात. पुढच्या राउंडला बरेचदा आधी अडलेल्या जागेवरच पुन्हा विचारतात, कारण पहिल्याने आपल्या अभिप्रायात ते लिहिलेलं असतं. शिवाय एका कंपनीचे प्रश्न दुसरीकडेही कामी येतात.

या वेळी ‘कळवतो’ एवढंच सांगून त्यांनी फोन ठेवला, म्हणून कबूल तारीख रिकामी. कामाचे पाच दिवस मोजले तर २ सप्टेंबर यायला हवी होती. पण २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती; ती ‘सुट्ट्या’त लिहिलेली असल्यामुळे आठवण ३ सप्टेंबरला गेली. पुण्यामुंबईच्या कंपन्यांकडे अर्ज करताना गणपती आणि दिवाळीच्या आठवड्यांत हा फरक नीट धरा. उत्तर आलं नाही याचा अर्थ नकार नव्हे, निर्णय घेणारा माणूस गावाला गेलेला असतो.

३ तारखेच्या मेलला ४ ला उत्तर आलं, ९ ला मॅनेजर राउंड आणि १२ ला पगाराची बोलणी झाली. त्या मेललाही उत्तर आलं नसतं तर कामाच्या पाच दिवसांनी आणखी एक मेल, आणि त्यानंतर ‘बंद’. एका टप्प्यावर दोन विचारणा पुरे. तिसरीने उत्तर आल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. ‘बंद’ केलेलं प्रकरण त्यांच्याकडून फोन आला तर नव्या ओळीने पुन्हा उघडतंच.

कन्सल्टन्सीच्या बाबतीत ही नोंद वेगळ्याच कामाला येते. तुमचा रेझ्युमे एकाच कंपनीकडे दोन वाटांनी गेला, समजा तुम्ही स्वतः करिअर पानावरून पाठवला आणि आठवड्याने एका कन्सल्टन्सीनेही पाठवला, तर कंपनीच्या सिस्टीमला ई-मेल किंवा मोबाइल नंबरवरून तो दुहेरी असल्याचं कळतं. ज्याने आधी पाठवला त्याचा हक्क काही महिने, पुष्कळ करारांत सहा महिने, टिकतो. दोन कन्सल्टन्सींमध्ये फीवरून वाद होण्याची चिन्हं दिसली तर काही कंपन्या तो उमेदवारच बाजूला ठेवतात. त्यात तुमचा दोष नसतो आणि कारणही तुम्हाला कोणी सांगत नाही. रेफरलचंही तसंच. आधी पोर्टलवरून अर्ज करून ठेवला तर नंतर मित्राने केलेलं रेफरल बऱ्याच ठिकाणी सिस्टीम घेत नाही.

म्हणून कन्सल्टन्सीचा फोन आला आणि ‘एका नामांकित एमएनसीसाठी’ एवढंच सांगितलं, तर कंपनीचं नाव कळेपर्यंत रेझ्युमे पुढे पाठवायला होकार देऊ नका. नाव कळलं की बोलत असतानाच ‘अर्ज’च्या पानावर शोधा. नसेल तर ‘अमुक कंपनीच्या अमुक पदासाठी माझा रेझ्युमे पाठवायला संमती आहे’ असा मेल करा आणि त्याची तारीख नोंदवा. ‘अर्ज’मध्ये कंपनीचं नाव एकाच स्पेलिंगने लिहायचं ते यासाठीच, आज लघुरूप आणि उद्या पूर्ण नाव लिहिलंत तर शोधात सापडणार नाही.

चारपाच आठवड्यांनी एकदा निवांत बसून ‘नोंदी’ वाचा. अर्ज पुष्कळ, पण एचआर कॉलच नाहीत, तर रेझ्युमे किंवा निवडलेल्या जाहिराती यात गडबड आहे. मार्गाचा रकानाही तेव्हाच पाहा. एका वाटेने सगळे कॉल आणि दुसरीने शून्य असं चित्र बऱ्याचदा निघतं. एचआर कॉल येतात पण पुढे काही होत नाही, तर तपशिलातली अपेक्षा आणि नोटीस पिरियड पाहा. ६० दिवस ऐकून फोन थंड पडत असतील तर तुमच्या कंपनीत पैसे भरून नोटीस कमी करता येते का, हे नेमणूकपत्रात शोधून पुढच्या फोनवर ते स्वतःहून सांगा. पहिल्या टेक्निकल राउंडलाच अडत असेल तर ‘कुठे अडलात’ त्या नोंदी एकाखाली एक ठेवा, विषय कोणता ते दिसेल. पण दोनचार अर्जांवरून निष्कर्ष काढू नका.

शीट स्वतःच्या खात्यावर ठेवा, ऑफिसच्या लॅपटॉपवर किंवा ऑफिसच्या गूगल खात्यात अजिबात नको. तिथल्या फाइल्स आयटी विभागाला दिसू शकतात. आधार, पॅन, यूएएन यांचे नंबरही त्यात लिहू नका.

शेवटचा भाग लोक शीटमध्ये धरतच नाहीत. ऑफर आली की त्यांची नोंद थांबते, आणि नेमक्या महत्त्वाच्या तारखा त्यानंतरच सुरू होतात. आपल्या १४ नंबरची ऑफर १८ सप्टेंबरला आली, होकाराची मुदत सोमवार २२ सप्टेंबर. टप्पा ‘ऑफर’, पाळी ‘माझी’. आता राजीनामा २३ ला दिला असं धरून ६० दिवस मोजा: २२ नोव्हेंबर येतो, तो शनिवार. म्हणजे रुजू होण्याचा पहिला शक्य दिवस सोमवार २४ नोव्हेंबर. ऑफर लेटरवर मात्र १७ नोव्हेंबर छापलेलं असू शकतं, कारण मॅनेजर राउंडमध्ये ‘थोडं लवकर जमेल का’ असं विचारलं होतं आणि तुम्ही ‘बघतो’ म्हणाला होतात. ९ तारखेच्या नोंदीत ते वाक्य सापडलं की गोंधळ कुठे झाला ते कळतं. होकार देण्याआधी मेल करून २४ तारीख लेखी घ्या आणि मगच राजीनामा द्या. राजीनाम्याचा दिवस नोटिशीत धरतात की दुसऱ्या दिवसापासून मोजतात, हे तुमच्या एचआरला विचारून घ्या. त्यानंतरच्या ओळी पार्श्वभूमी तपासणीच्या: तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप कधी दिल्या, फॉर्म १६ कधी दिला, आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर कधी मागितलं. हे सगळं पूर्ण होऊन तुम्ही तिथे रुजू झालात की १४ नंबरवर ‘बंद’ लिहा. बाकी चालू असलेल्या कंपन्यांना मात्र ऑफरचा होकार पाठवल्याच्या दिवशीच कळवा आणि तीही ओळ टाका.